सहा बोटांनी हुकणारी सावली

इटियाडोहच्या धरणाची भिंत पाचशे मीटरपेक्षा किंचित लांब आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ गाढवी नदीवर हे धरण १९७० च्या सुमारास झालं. या भागातल्या धानाला त्याचं पाणी मिळतं, एरवी त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. मी त्याच्याकडे ग्रहणाच्या निमित्ताने पाहू लागलो ते भाचीमुळे.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री भाद्रपद पौर्णिमेचं खग्रास चंद्रग्रहण होतं. आम्ही अंगणात खाटा टाकून ढगांच्या फटीतून चंद्र पाहत बसलो होतो. भाचीने विज्ञानाची वही आणली होती. तिच्यात तिने शाळेत काढलेली आकृती होती: डावीकडे लिंबाएवढा सूर्य, मध्ये शर्टाच्या बटणाएवढी पृथ्वी, उजवीकडे वाटाण्याएवढा चंद्र, आणि तिरप्या रेघांनी रंगवलेली प्रच्छाया आणि उपच्छाया. आकृती नीट होती, बाईंनी बरोबरची खूण केली होती. तिने विचारलं, "मामा, हे जर असंच असेल, तर दर पौर्णिमेला ग्रहण का नाही लागत?"

मी पाठ असलेलं उत्तर दिलं. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी पाच अंशांनी कललेली आहे, म्हणून तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून जातो. तिने वही पुढे केली, कोनमापक लावलं आणि पाच अंशांची रेघ ओढली. चंद्र जेमतेम दोन मिलिमीटर वर सरकला. सावली होती एक सेंटिमीटर जाडीची. तो तिच्यातच राहिला. "हुकला कुठे?" ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. त्या आकृतीत पाच अंशांनी काहीच फरक पडत नाही. तिच्या वहीतला चंद्र पृथ्वीपासून दोन सेंटिमीटरवर होता, म्हणजे पृथ्वीच्या दोन व्यासांएवढ्या अंतरावर. खरा चंद्र असतो तीस व्यासांवर. चंद्र वहीतल्याइतका जवळ असता तर खरोखरच दर पौर्णिमेला ग्रहण लागलं असतं. आकृती खोटी आहे ती अंतरांत, आणि दर महिन्याचं कोडं सुटतं तेही अंतरांतच.

आकृती प्रमाणात काढता येत नाही, हा बाईंचा दोष नाही. वहीच्या पानावर सूर्य ते पृथ्वी अंतर १५ सेंटिमीटर घेतलं, तर पृथ्वी ०.०१३ मिलिमीटरची काढावी लागेल, केसाच्या जाडीच्या पाचव्या हिश्शाएवढी. तेवढं टोक कुठल्याच पेन्सिलीला नसतं. पान मोठं हवं. मोठं पान म्हणून मला इटियाडोहची भिंत आठवली.

हिशेब असा जुळतो, की कुणी मुद्दाम बांधल्यासारखं वाटावं. सूर्य पृथ्वीपासून सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे. एक मिलिमीटर म्हणजे ३०० किलोमीटर धरले, तर हे अंतर ४९९ मीटर येतं. भिंतीच्या एका टोकाला सूर्य ठेवायचा, दुसऱ्या टोकाला पृथ्वी. या मापात पृथ्वी ४२ मिलिमीटरची, म्हणजे एक बऱ्यापैकी लिंबू. चंद्र साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे रानबोर. सूर्य ४ मीटर ६४ सेंटिमीटरचा, कौलारू घराएवढा गोळा.

हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा खिशात लिंबू, बोरं आणि शिंप्याची टेप होती. लिंबू एका दगडावर ठेवलं आणि टेप सोडली. चंद्राचं अंतर ३ लाख ८४ हजार किलोमीटर, म्हणजे आपल्या मापात १२८ सेंटिमीटर. सूर्य अर्धा किलोमीटर लांब आणि चंद्र हात-दीड हात म्हणता म्हणता पावणेतीन हातांवर. पलीकडच्या टोकाला योगायोगाने एक जीप उभी होती. जीप चार मीटरच्या आसपास असते, म्हणजे आपल्या सूर्यापेक्षा थोडी लहान. भाचीने लिंबाच्या जागी डोळा आणला, एक डोळा मिटला, आणि मला सव्वा मीटरवर बोर धरायला सांगितलं. बोराने जीप पूर्ण झाकली. मी बोर जरा बाजूला केलं, चाक दिसू लागलं. "खंडग्रास," ती म्हणाली.

सूर्याचा व्यास चंद्राच्या चारशे पट आणि अंतरही जवळजवळ चारशे पट, म्हणून दोघे आकाशात सारख्याच आकाराचे दिसतात, हे आपण सगळे ऐकत आलो आहोत. पण टेप घेऊन मोजलं तर या 'जवळजवळ'मध्ये केवढी गंमत आहे ते कळतं. बोराची दाट सावली, म्हणजे प्रच्छाया, निमुळती होत जाते आणि सुमारे १२५ सेंटिमीटरवर तिचं टोक संपतं. लिंबाची जवळची साल मात्र सरासरी १२६ सेंटिमीटरवर आहे. म्हणजे सरासरी हिशेबाने चंद्राची सावली पृथ्वीला पोचतच नाही, दीड सेंटिमीटरने हुकते. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, तो कधी ११९ सेंटिमीटरवर येतो तर कधी १३५ वर जातो. जवळ असताना अमावस्या आणि ग्रहण जुळून आलं तर टोक सालीला टेकतं आणि खग्रास होतं. लांब असताना टोक आधीच संपलेलं असतं, आपल्याला सूर्याची कड बांगडीसारखी उरलेली दिसते, ते कंकणाकृती.

टेकलं तरी किती टेकतं? मोठ्यात मोठा ठिपका पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लिंबावर एक मिलिमीटर. टाचणीचं डोकंही याहून मोठं असतं. त्याभोवतीची उपच्छाया मात्र सात हजार किलोमीटर रुंद असते, लिंबावर साधारण २३ मिलिमीटरचं फिकट वर्तुळ. उपच्छायेत उभ्या असलेल्या माणसाला सूर्याचा काही भाग झाकलेला दिसतो, प्रच्छायेत उभ्याला संपूर्ण. तेवीस मिलिमीटरच्या फिकट वर्तुळाच्या मधोमध एक मिलिमीटरचा काळा ठिपका, आणि तो ठिपका तासाला दोन हजार किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळणारा. म्हणूनच एकाच गावाला खग्रास सूर्यग्रहण सरासरी पावणेचारशे वर्षांतून एकदा भेटतं.

आपल्या विदर्भाला ते २२ जानेवारी १८९८ ला भेटलं. सावली कोकण किनाऱ्यावरून विजयदुर्गजवळ आत आली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वर्ध्याकडे सरकली, पुलगाव-नागपूरच्या पट्ट्यातून शहाडोलकडे आणि पुढे बक्सरला गेली. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्या रेघेवर तंबू ठोकून बसले होते. विजयदुर्गला नॉर्मन लॉकियर, जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या वेधशाळेचे नायगमवाला, पुलगावला न्यूऑल आणि हिल्स, आणि पुलगावच्या अलीकडच्या छोट्या तळणी स्टेशनाजवळ वॉल्टर आणि ॲनी माउंडर हे जोडपं. ॲनी माउंडर यांनी तळणीहून घेतलेल्या छायाचित्रात सूर्याच्या प्रभामंडळाची एक शलाका लाखो मैलांपर्यंत पसरलेली सापडली, तोवर टिपलेली सर्वांत लांब. हाताशी वेळ होता दोन मिनिटांच्या आसपास.

जाता जाता एक सांगून टाकतो. लॉकियर यांनी १८६८ मध्ये विजयदुर्गच्या किल्ल्यावरून हेलियम शोधला, असं आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण कोकणातून गेलं हे खरं, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी आपलं निरीक्षण तिथूनच त्या ऑक्टोबरमध्ये ग्रहणाशिवाय केलं. विजयदुर्गला ते आले १८९८ मध्ये. किल्ल्याचं महत्त्व त्याने काही कमी होत नाही, पण तीस वर्षांची गल्लत कशाला चालू ठेवायची?

तर, १८९८ मध्ये इटियाडोह कुठे होतं? धरण नव्हतं, नदी होती. नकाशावर पुलगाव आणि शहाडोल जोडणारी रेघ ओढली तर ही जागा तिच्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आग्नेयेला पडते. त्या दिवशीची दाट सावली सारी मिळून शंभर किलोमीटरसुद्धा रुंद नव्हती. म्हणजे गाढवीकाठच्या माणसाला सूर्याची बारीक कोर शिल्लक दिसली असेल आणि बस्स. आपल्या लिंबावर मोजायचं तर हे हुकणं अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. पण त्या कोरेने सगळा खेळ बिघडतो. सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या चार लाख पट तेजस्वी आहे. त्याचा एक टक्का जरी उरला तरी हजारो पौर्णिमांएवढा उजेड असतो. प्रभामंडळ दिसत नाही, तारे दिसत नाहीत, गुरं गोठ्याकडे वळत नाहीत. नव्याण्णव टक्के ग्रहण आणि शंभर टक्के ग्रहण यांत एक टक्क्याचा फरक आहे असं ज्याला वाटतं, त्याने खग्रास पाहिलेलं नसतं.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. यासाठी बोर लिंबाच्या दुसऱ्या बाजूला, सूर्याच्या विरुद्ध दिशेला न्यायचं. लिंबाची दाट सावली मागे चार मीटर साठ सेंटिमीटरपर्यंत निमुळती होत जाते. बोर जिथे आहे तिथे, १२८ सेंटिमीटरवर, तिची जाडी उरते तीन सेंटिमीटर. दीड-दोन बोटं म्हणा. आणि पाच अंशांचा कल त्या अंतरावर किती होतो? साडेअकरा सेंटिमीटर. मी लिंबाच्या मागे सावलीची मधली रेषा म्हणून सुतळी ताणली, आणि भाचीने तिच्यावर बोटं आडवी ठेवून मोजलं. सहा बोटं.

सावली दीड-दोन बोटं जाड, आणि चंद्र तिच्या मध्यापासून सहा बोटं वर किंवा खाली जाऊ शकतो. वहीत दोन मिलिमीटर वर जाऊन सावलीतच अडकलेला चंद्र इथे सहज निसटतो. कोन तोच, पाच अंश. बदललं ते अंतर.

पण मग कधी लागतं? चंद्राची तिरकी कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीला दोन ठिकाणी छेदते. त्या दोन छेदनबिंदूंना आपण पात म्हणतो, आणि त्यांचीच जुनी नावं राहू आणि केतू. जिथे चंद्र वर चढतो तो राहू, जिथे खाली उतरतो तो केतू. राक्षसाच्या कथेखाली असा नेमका भूमितीचा बिंदू दडलेला आहे हे मला फार उशिरा कळलं. ग्रहण सावल्यांमुळे होतं हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं होतं. आणि कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिला, ज्याच्या आधाराने आपली पंचांगं शतकानुशतकं ग्रहणं सांगत आली, त्यातही राहूचं स्थान काढूनच पुढे जावं लागतं. पंचांगकर्त्याला राक्षसाशी काही देणंघेणं नसतं, त्याला अंश आणि कला हव्या असतात.

पौर्णिमेचा चंद्र पातापासून साधारण दहा-अकरा अंशांच्या आत असेल तरच तो दाट सावलीला शिवतो. सूर्यग्रहणाला मोकळीक जरा जास्त, साधारण सोळा-सतरा अंश, कारण तिथे चंद्राची फिकट सावली अख्ख्या लिंबाला कुठेही चाटून गेली तरी चालते. सूर्य पृथ्वीवरून पाहता या पातांपैकी एकेकाजवळ दर १७३ दिवसांनी येतो. तेवढाच ग्रहणांचा हंगाम, महिना-सव्वा महिन्याचा. त्या हंगामात जी अमावस्या-पौर्णिमा पडेल तीच कामाची. म्हणून ग्रहणं जोडीने येतात, पंधरा दिवसांच्या अंतराने, आणि मग जवळपास सहा महिने शांतता. २०२५ मध्ये ७ सप्टेंबरला चंद्रग्रहण झालं, २१ सप्टेंबरला सूर्यग्रहण, जे आपल्याकडून दिसलं नाही. मग पुढची जोडी थेट १७ फेब्रुवारी आणि ३ मार्च २०२६.

यातली एक बारीक गोष्ट मला आवडते. दोन अमावस्यांमध्ये सूर्य पाताच्या संदर्भात साडेतीस अंशांहून थोडा जास्त सरकतो. सूर्यग्रहणाची खिडकी दोन्ही बाजू धरून तेहतीस अंशांच्या आसपास आहे, म्हणजे पावलापेक्षा खिडकी रुंद. ती ओलांडताना एक तरी पाऊल आत पडणारच. म्हणून वर्षात किमान दोन सूर्यग्रहणं होतातच, कुठे ना कुठे. चंद्रग्रहणाची खिडकी मात्र एकवीस अंशांची, पावलापेक्षा अरुंद. ती एका ढांगेत ओलांडली जाऊ शकते. २०२० मध्ये तेच झालं. त्या वर्षी चार वेळा चंद्र पृथ्वीच्या उपच्छायेतून गेला आणि एकदाही दाट सावलीला शिवला नाही.

सगळं मिळून किती, हेही मोजून झालेलं आहे. पाच हजार वर्षांच्या काळाची, इसवी सनाच्या दोन हजार वर्षं आधीपासून पुढे इसवी सन ३००० पर्यंतची, यादी संगणकाने केली तेव्हा त्यात ११,८९८ सूर्यग्रहणं निघाली. तेवढ्या काळात अमावस्या होतात ६१,८०० च्या वर. म्हणजे पाच अमावस्यांमागे साधारण एक. त्यांतली निव्वळ खग्रास ३,१७३. आणि त्यांतली एखादी आपल्या अंगणावरून जाईल की नाही, याचा हिशेब एक मिलिमीटरच्या ठिपक्याने करायचा.

चंद्रग्रहणाचं तसं नाही. ते ज्या अर्ध्या पृथ्वीवर रात्र असेल तिथे सगळीकडे एकदम दिसतं. म्हणून ७ सप्टेंबरला गोठणगाव काय आणि मुंबई काय, घड्याळ एकच होतं. ८ वाजून ५८ मिनिटांनी चंद्र उपच्छायेत शिरला. भाची पाऊण तास डोळे फाडून पाहत होती आणि म्हणत होती, "काहीच होत नाहीये." होत होतं, पण उपच्छायेत उजेड इतका हळू मंदावतो की डोळ्याला पत्ता लागत नाही. ९ वाजून ५७ मिनिटांनी कडेला खरा काळा चावा दिसला. ११ वाजून १ मिनिटाने चंद्र पूर्ण आत गेला आणि तांब्याच्या जुन्या पैशासारखा झाला, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून येणारा तांबडा उजेडच तेवढा त्याच्यापर्यंत पोचत होता.

हा एक-एक तासाचा ठेका धरणावर समजला. उपच्छायेच्या कड्याची रुंदी लिंबामागे १२ मिलिमीटर येते, बोराएवढीच, आणि बोर आपल्या कक्षेत तासाला साधारण १२ मिलिमीटरच सरकतं. म्हणून एक तास उपच्छायेत शिरायला, आणखी एक तास प्रच्छायेत बुडायला. मग ८२ मिनिटं आत. प्रत्यक्षात तो सेकंदाला एक किलोमीटर धावत असतो. बारा मिलिमीटर तासाला म्हटलं की गोगलगाय आठवते.

राहिला राहू. तो स्थिर नाही, उलट्या दिशेने सरकत १८.६ वर्षांत फेरी पुरी करतो, म्हणून ग्रहणांचे हंगाम दर वर्षी अठरा-एकोणीस दिवसांनी अलीकडे येतात. आणि २२३ चांद्रमहिन्यांनी, म्हणजे १८ वर्षं ११ दिवस आणि आठ तासांनी, सूर्य, चंद्र आणि पात पुन्हा जवळपास तशाच मांडणीत येतात. त्यातले आठ तास खोडकर आहेत. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून तेच ग्रहण पुढच्या खेपेला दुसऱ्या खंडात दिसतं. १८९८ ला विदर्भावरून गेलेली सावली अशी सात वेळा परतली, आणि सातव्यांदा ८ एप्रिल २०२४ रोजी मेक्सिको आणि अमेरिकेवरून गेली. तिथल्या लक्षावधी माणसांनी माना वर करून जी सावली पाहिली ती तळणीच्या सावलीची सातवी पिढी. आठ तास तीनदा मोजले की पूर्ण दिवस होतो, म्हणून ५४ वर्षं आणि महिनाभराने ग्रहण साधारण त्याच भागात परततं. आमच्या अंगणातल्या ७ सप्टेंबरच्या ग्रहणाचं मागचं असं रूप ६ ऑगस्ट १९७१ च्या मध्यरात्रीनंतर इथूनच दिसायचं होतं. तेव्हा धरण नवं होतं. आकाशात ढग असतील, ऑगस्टच होता तो.

निघताना भाचीने लिंबू पिळून टाकलं आणि बोर खाल्लं. वहीतली आकृती तिने खोडली नाही, फक्त बाजूला बाण काढून लिहिलं: 'चंद्र खरा या पानावर नाही, पावणेतीन हात लांब.'

पुढचं खग्रास चंद्रग्रहण इटियाडोहहून आणि साऱ्या महाराष्ट्रातून ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री दिसेल. चंद्र पावणेदहाच्या सुमारास पूर्ण सावलीत जाईल आणि अकराच्या आत बाहेर पडू लागेल. थंडीचे दिवस असतील, ढग बहुधा नसतील, आणि त्या रात्री जागे तर सगळे असतीलच.